घर दुरुस्तीची खरमाती: पाडण्याआधी टेप लावली तर चार ट्रॉल्यांचं काम एका ट्रॉलीत

कोल्हापूर : सुगी आटोपली की गावागावांत घरांची कामं निघतात. कुणी सोप्याची फरशी बदलतो, कुणी मोरी काढून बाथरूम बांधतो, कुणी मधली भिंत काढून हॉल मोठा करतो. अशा कामाचा हिशेब घरमालकाला तोंडपाठ असतो. वाळू किती ब्रास, विटा किती हजार, सिमेंटची पोती किती, हे सगळं वहीत लिहिलेलं असतं. एकाच गोष्टीचा आकडा त्या वहीत सापडत नाही. जुन्या घरातून निघणारी खरमाती किती आणि ती जाणार कुठे, हे काम सुरू होईपर्यंत कुणी विचारतच नाही.

मग पहिला घण पडतो आणि दोन दिवसांत दारात ढीग लागतो. गल्लीतून ट्रॅक्टर निघत नाही, शेजाऱ्याशी बोलाचाली होते, आणि शेवटी रात्रीच्या वेळी एक-दोन ट्रॉल्या ओढ्याच्या काठाला किंवा गायरानाच्या कडेला रिकाम्या होतात. पंचगंगेच्या खोऱ्यात 2005, 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या जिल्ह्यात ओढ्यातला भराव ही किरकोळ बाब राहिलेली नाही.

नियम आहेत, पण छोट्या घराजवळ पोचत नाहीत

बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी केंद्र सरकारने 2016 मध्ये स्वतंत्र नियम केले. त्यानुसार कचरा ज्याच्या कामातून निघतो, तो गोळा करणं, वेगवेगळा ठेवणं आणि रस्त्यावर किंवा गटारात न जाऊ देणं ही त्याचीच जबाबदारी आहे. मात्र कचऱ्याचा आराखडा देण्याची सक्ती मोठ्या कामांनाच होती. दिवसाला 20 टनांपेक्षा किंवा एका प्रकल्पात महिन्याला 300 टनांपेक्षा जास्त कचरा निघत असेल, तरच ती लागू व्हायची.

2025 मध्ये केंद्राने नवे नियम काढले आणि 1 एप्रिल 2026 ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरवली. या नियमांत बांधकाम करणाऱ्यावर कचऱ्याच्या पुनर्वापराचं बंधन टाकलं आहे, पण ते 20 हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठी. गावातलं दुरुस्तीला काढलेलं घर 50-60 चौरस मीटरचं असतं. म्हणजे मोठ्या बिल्डरला हिशेब द्यावा लागेल, गावातल्या घरमालकाला कुणी हिशेब मागणार नाही.

पुण्या-मुंबईसारख्या शहरांत अशा कचऱ्यापासून खडी आणि पेव्हर ब्लॉक करणारे प्रकल्प आहेत. गावातून दोन ट्रॉल्या तिकडे पाठवणं वाहतुकीच्या खर्चात परवडणारं नाही. त्यामुळे खेड्यातल्या खरमातीला एकच खरा उपाय उरतो. ती मुळात कमी काढायची, आणि जी निघेल ती घराच्या आवारातच वापरायची. त्यासाठी आधी ती किती निघणार हे कळलं पाहिजे.

मोजायचं कसं? टेप, वही आणि दीडपट

मोजणी अवघड नाही. वाळूच्या ब्रासचं गणित ज्याला येतं त्याला हेही येतं. जे पाडायचं किंवा खरवडायचं आहे त्याची लांबी, उंची किंवा रुंदी, आणि जाडी फुटात घ्यायची. तिन्हींचा गुणाकार म्हणजे घनफूट, आणि 100 घनफूट म्हणजे एक ब्रास. जाडी इंचात असेल तर 12 ने भागून फूट करायचे. 9 इंची भिंत म्हणजे पाऊण फूट, 1 इंची गिलावा म्हणजे फुटाचा बारावा भाग.

इथपर्यंत बहुतेक गवंडी तोंडी सांगतात. चूक होते ती पुढच्या पायरीत. भिंत उभी असते तेव्हा ती घट्ट असते. पाडली की तुकड्यांच्या मधे पोकळी राहते आणि तीच भिंत ढिगात फुगते. विटा, गिलावा आणि काँक्रीट यांच्या मिश्र ढिगाला हा फुगवटा साधारण दीडपट धरतात. म्हणून आलेल्या घनफुटांना दीडने गुणलं की ट्रॉलीत किती भरेल तो आकडा मिळतो.

ट्रॅक्टरची नेहमीची ट्रॉली 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि पावणेदोन फूट खोल धरली, तर तिच्यात जेमतेम एक ब्रास मावतो. अशा खरमातीचा एक ब्रास पावणेचार टनांच्या आसपास भरतो. ट्रॉली वरपर्यंत शिगोशीग भरून गल्लीतल्या काँक्रीटच्या रस्त्यावरून नेली की रस्त्याला तडे का जातात, याचं उत्तर या वजनात आहे.

काम चालू असताना अंदाज तपासायचा असेल तर घमेली मोजावीत. एका ब्रासला साधारण 250 घमेली लागतात. घमेल्याच्या मापाप्रमाणे हा आकडा थोडा इकडे-तिकडे होईल. पहिल्याच दिवशी दोनशेच्या वर घमेली बाहेर पडली आणि भिंत अजून अर्धीच उतरली असेल, तर अंदाज चुकला आहे हे तिथेच कळतं.

एका घराचा हिशेब

करवीर तालुक्यात ठिकठिकाणी दिसतं तसं एक घर उदाहरणादाखल घेऊ. 20 बाय 30 फूट, म्हणजे 600 चौरस फूट. वर मंगलोरी कौलं, भिंती भाजक्या विटांच्या पण मातीच्या जोडणीतल्या, वरून सिमेंटचा गिलावा, खाली शहाबादी फरशी. मालकाने चार कामं ठरवली आहेत.

पहिलं काम, सोपा आणि माजघर यांच्यामधली भिंत काढायची. ती 15 फूट लांब, 10 फूट उंच आणि 9 इंच जाड आहे. त्यातला दरवाजा वजा केला तर 98 घनफूट विटकाम निघतं.

दुसरं काम, गिलावा. काढायच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंचा मिळून 260 चौरस फूट. बाकी भिंतींना ओल चढली आहे, म्हणून खालून 4 फूट उंचीपर्यंत 60 फूट लांबीत सगळा गिलावा काढायचं ठरलं, तो 240 चौरस फूट. असा एकूण 500 चौरस फूट गिलावा 1 इंच जाडीने 42 घनफूट होतो.

तिसरं काम, 300 चौरस फूट फरशी उखडून टाइल्स बसवायच्या. शहाबादी 1 इंच आणि तिच्याखालचा थर 2 इंच, म्हणजे एकूण 75 घनफूट.

चौथं काम, स्वयंपाकाचा जुना ओटा आणि मोरीची भिंत. ओट्याचे 9 आणि भिंतीचे 22 मिळून 31 घनफूट.

चारही कामांची बेरीज 246 घनफूट होते. दीडने गुणलं की 369 घनफूट, म्हणजे जवळजवळ 3.7 ब्रास. चार ट्रॉल्या, आणि वजन 14 टनांच्या घरात. हे फक्त जुन्याचं झालं. नव्या कामातले टाइल्सचे कापलेले तुकडे, सांडलेला माल आणि रिकामी पोती त्यात धरलेली नाहीत.

सरासरीचा आकडा इथे का फसतो

देशात अशा कचऱ्याचा अंदाज बांधताना टायफॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने 2001 मध्ये दिलेले आकडे आजही वापरले जातात. दुरुस्तीच्या कामात चौरस मीटरला 40 ते 50 किलो आणि पक्कं घर पूर्ण पाडलं तर 500 किलो, असे ते आकडे आहेत. वरच्या घराचं क्षेत्रफळ सुमारे 56 चौरस मीटर. म्हणजे या हिशेबाने कचरा सव्वादोन ते पावणेतीन टन निघायला हवा. टेप लावून मोजला तर तो पाचपट भरतो.

दोन्हीपैकी एक आकडा खोटा आहे असं नाही. 40-50 किलोची सरासरी हजारो दुरुस्त्यांची आहे, आणि त्यातल्या पुष्कळ ठिकाणी नुसता रंग, थोडा गिलावा आणि नळाचं काम असतं. भिंत पाडली की हिशेब बदलतो. वरच्या उदाहरणात एकटी मधली भिंत तिच्या गिलाव्यासकट 14 पैकी साडेसहा टनांची आहे. शहराचा किंवा तालुक्याचा एकूण अंदाज काढायला सरासरी ठीक आहे. एका घराच्या कामाला मात्र प्रत्येक वस्तू मोजल्याशिवाय इलाज नाही, आणि मोजलं की जास्त खरमाती कुठून येते तेही लगेच दिसतं.

भिंत: पाडायची, उतरवायची की नुसती रुंदवायची

सगळ्यात मोठी बचत भिंतीतच आहे, आणि मोठा धोकाही तिथेच. कौलारू घरात मधली भिंत अनेकदा नुसता आडोसा नसते. ती पाखाडीचा किंवा आढ्याचा भार घेऊन उभी असते. वर चढून बघितलं की तुळईचं किंवा आढ्याचं टोक त्या भिंतीत शिरलेलं दिसतं. तसं दिसलं तर भिंत पूर्ण काढायचा विचार इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नये. टेकू न देता खालून विटा काढल्या की आधी कौलं सरकतात, मग वासे खाली बसतात.

मालकाला हवं असतं ते बहुतेक वेळा उजेड आणि ये-जा करायला मोकळी वाट. त्यासाठी जुना 3 फुटी दरवाजा 6 फूट रुंद आणि 7 फूट उंच केला तरी काम भागतं. वर लिंटेल टाकायचं, ते दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण फूट भिंतीवर टेकवायचं, आणि ते पक्कं होईपर्यंत खालचा टेकू काढायचा नाही. लिंटेलची खाच धरूनही विटकाम 20 घनफूटच निघतं. 98 च्या जागी 20.

भिंत पूर्णच काढायची असेल तर ती पाडू नये, उतरवावी. घण किंवा जेसीबी लावला की विटांचा चुरा होतो आणि त्यात माती, गिलावा, लाकूड सगळं मिसळतं. मिसळलेल्या ढिगाचा पुढे काहीच उपयोग होत नाही. उतरवण्याचा क्रम वरून खाली असतो. आधी वायरिंग आणि नळ बंद करून सोडवायचे, मग दरवाजाची चौकट काढायची, मग दोन्ही बाजूंचा गिलावा, आणि शेवटी सगळ्यात वरच्या थरापासून विटा.

विटा किती अखंड मिळतील हे जोडणीवर ठरतं. मातीच्या किंवा चुन्याच्या जोडणीत दहापैकी सात-आठ विटा सुट्या होतात. चांगल्या सिमेंटच्या जोडणीत दोन-तीन मिळाल्या तरी पुष्कळ, कारण सांधा सुटण्याआधी वीट फुटते. जोडणी कुठली हे एका खिळ्याने कळतं. गिलावा थोडा काढून सांध्यात खिळा ओढला आणि माल भुरभुर पडला तर ती माती. नुसता ओरखडा उठला तर सिमेंट.

उदाहरणातल्या भिंतीत घनफुटाला 12 धरून 1200 च्या आसपास विटा आहेत. सत्तर टक्के निघाल्या तर 800 च्या वर. मातीच्या जोडणीत एक बिगारी दिवसाला तीनशे विटा साफ करतो असं धरलं, तर ते तीन दिवसांचं काम आहे. मजुरी 700 रुपये आणि नवी वीट 8 रुपये धरली, तर 2100 रुपयांच्या मजुरीत साडेसहा हजारांच्या विटा हातात येतात. शिवाय ट्रॉलीचं भाडं वाचतं ते वेगळं. आपल्या गावचे दर घालून प्रत्येकाने हे गणित करून बघावं. सिमेंटची जोडणी असेल तर ते बहुधा तोट्यात जाईल, आणि तेव्हा साफसफाईचा हट्ट धरू नये.

जुनी वीट वापरण्याआधी तीन गोष्टी बघतात. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. नखाने ओरखडा उठू नये. आणि वीट दिवसभर पाण्यात ठेवून वजन केलं तर ते कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त वाढू नये. पुराचं पाणी शिरलेल्या घरांत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. विटेवर पांढरी बुकटी, म्हणजे लोणा, आला असेल तर त्या विटा घरातल्या भिंतीला वापरू नयेत. तो लोणा नव्या गिलाव्यातून पुन्हा बाहेर येतो.

गिलावा: दोनदा निघणारी खरमाती

ओल आली की कमरेएवढा सगळा गिलावा काढून नवा मारायचा, ही गावोगावची पद्धत. त्यातला पुष्कळसा गिलावा चांगला असतो. हातोडीच्या दांड्याने भिंतीवर हातभर अंतराने ठोकत जायचं. जिथे पोकळ, डबडब आवाज येतो तिथे खडूने खूण करायची आणि तेवढाच भाग काढायचा. उदाहरणातल्या 240 चौरस फुटांपैकी खरोखर सुटलेला भाग 100 चौरस फूट निघाला असं धरलं, तर 20 घनफुटांचे 8 होतात.

याहून महत्त्वाचं म्हणजे ओल कुठून येते ते आधी बघणं. कौलातून गळतं का, भिंतीला लागून मोरीचं पाणी मुरतं का, की अंगण घराच्या जोत्यापेक्षा उंच झालं आहे? रस्त्यावर दरवेळी नवा थर पडत गेला की अंगण वर येतं आणि पावसाचं पाणी भिंतीच्या पायाशी साचतं. कारण तसंच ठेवून ओल्या भिंतीवर नवा सिमेंटचा गिलावा मारला, तर दोन पावसाळ्यांत तो फुगून सुटतो. मग तीच खरमाती दुसऱ्यांदा निघते.

मातीच्या भेंड्यांची भिंत असेल तर हे आणखी लवकर होतं. सिमेंटचा कडक थर आतली ओल बाहेर पडू देत नाही, आणि भिंत आतल्या आत मऊ होत जाते. तिथे चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा टिकतो.

फरशी: उखडण्याआधी दोनदा बघा

सोप्याची फरशी सपाट असेल, हलत नसेल आणि ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल, तर ती न उखडता तिच्यावरच टाइल्स चिकटवता येतात. त्यासाठी टाइल्स चिकटवायचा तयार माल मिळतो. साधा सिमेंटचा राबडा गुळगुळीत शहाबादीला नीट धरत नाही. फरशी आधी धुऊन, टाचे मारून खरबरीत करावी लागते.

अशाने जमीन अर्ध्या इंचाहून थोडी जास्त उचलली जाते. दरवाजाचं झडप तेवढं तासावं लागतं आणि उंबरठ्याची उंची जुळते का ते पाहावं लागतं. खालून ओल येत असेल किंवा फरशी दबली असेल तर मात्र हा मार्ग घेऊ नये. वरच्या टाइल्सही वर्षभरात वाजायला लागतात.

जिथे उखडायचीच आहे तिथे कडेची एक फरशी फोडून बाकीच्या पहारीने खालून उचलल्या, तर दहापैकी आठ अखंड येतात. त्या आडव्या रचू नयेत, भिंतीला उभ्या टेकवून ठेवाव्यात. गोठ्यात, परड्यात, पाण्याच्या टाकीखाली त्या कामाला येतात. खालचा मुरूम-मातीचा थर बाहेर फेकायची गरज नसते. तो चाळून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून तिथेच नव्या फरशीखाली बसतो. उदाहरणात अर्ध्या फरशीवर टाइल्स चिकटवल्या आणि अर्धी अशी उचलली, तर 75 घनफुटांपैकी 8 घनफूटच खरमाती उरते.

आता बेरीज

भिंत रुंदवून निघालेल्या 20 घनफुटांत 14 घनफूट सुट्या विटा, म्हणजे खरमाती 6. गिलावा, रुंदवलेल्या जागेचा 4 आणि ओलीचा 8 मिळून 12. फरशीचे 8. ओटा आणि मोरी काढावीच लागते, ते 31 तसेच. एकूण 57 घनफूट. दीडने गुणून 86 घनफूट, म्हणजे एक ब्रासही नाही. चार ट्रॉल्यांच्या जागी एक.

मालकाने भिंत पूर्णच काढायचं ठरवलं पण ती उतरवून विटा वाचवल्या, तरी हिशेब दीड ब्रासवर थांबतो. सगळ्या कामांचं वळण तेच राहिलं, तरी खरमाती निम्म्याहून कमी झाली.

उरलेल्याचं काय करायचं

निघतानाच चार ढीग वेगळे ठेवले की पुढचं सोपं जातं. विटा-दगडांचा एक, काँक्रीट आणि गिलाव्याचा दुसरा, मातीचा तिसरा, आणि लाकूड-लोखंड-प्लॅस्टिकचा चौथा. लोखंड भंगारवाला नेतो. माती परड्यात किंवा जोत्यात जाते.

विटा आणि काँक्रीटचे तुकडे अंगठ्याएवढे ते लिंबाएवढे फोडले की भरावाला चालतात. उदाहरणातल्या घरात नवं बाथरूम 4 बाय 6 फुटांचं आहे आणि त्याची जमीन 9 इंच उचलायची आहे, तिथे 18 घनफूट जातील. परड्यातली 20 फूट लांब, 3 फूट रुंद पायवाट अर्धा फूट भरली तर 30 घनफूट. भराव 6-6 इंचांच्या थरात टाकून, पाणी मारून ठोकायचा. एकदम भरला तर पावसाळ्यात खचतो आणि वरच्या फरशीला तडे जातात. ठोकल्यावर 86 घनफुटांचा ढीग पासष्टच्या आसपास दबतो. त्यातले 48 असे जिरले की बाहेर न्यायला पन्नास-साठ घमेली उरतात.

स्लॅब, बीम, कॉलम यांच्या काँक्रीटमध्ये मात्र घरी फोडलेले विटांचे किंवा गिलाव्याचे तुकडे कधीही घालू नयेत. ते पाणी पितात आणि काँक्रीट कच्चं राहतं. कुणी गवंडी खडी वाचवायला तसं सुचवत असेल तर तिथेच नको म्हणावं.

एका वस्तूला वेगळी वागणूक लागते. गोठ्यावरचे किंवा पडवीवरचे जुने राखाडी सिमेंटचे पत्रे. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा फुटला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात, ते फुप्फुसात अडकतात आणि अनेक वर्षांनी कर्करोगासारखा आजार होऊ शकतो. असे पत्रे पाणी मारून ओले करावेत, स्क्रू सोडवून अखंड उतरवावेत आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवावेत. त्यांचा चुरा करून भरावात घालणं किंवा झाडूने कोरडाच लोटणं सगळ्यात घातक.

एक ट्रॉली ओढ्यात गेली तर

एवढ्याशा ढिगाने काय होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक साधं गणित आहे. गावाच्या रस्त्याखालून पाणी जायला अनेक ठिकाणी 2 फूट व्यासाची पाइप मोरी असते. तिचं तोंड सव्वातीन चौरस फुटांहूनही लहान. 100 घनफूट खरमाती त्यात बसली तर 30 फुटांहून जास्त लांबीची पाइप गच्च भरते. वळवाच्या पहिल्या जोरदार सरीत काठावरचा ढीग वाहून मोरीच्या तोंडाशी येतो, तिथे उसाचा पाला आणि प्लॅस्टिक अडकतं, आणि पाणी वरच्या बाजूच्या शेतात व घरांत शिरतं. ढीग टाकणारा आणि पाणी शिरलेला, दोघंही एकाच गावातले असतात.

शेताच्या बांधाला टाकणंही तितकंच महागात पडतं. काँक्रीटच्या तुकड्यांनी रोटाव्हेटरची पाती मोडतात आणि सिमेंटमधल्या चुन्याने जमिनीचा सामू वाढतो. शिरोळसारख्या तालुक्यात जमिनी आधीच क्षारपड होत असताना त्यात आणखी भर घालण्यात अर्थ नाही.

ठेका देतानाच लिहून घ्या

खरमाती वाढण्याचं एक कारण ठेक्याच्या पद्धतीत आहे. काम उक्तं दिलं की गवंड्याला लवकर संपवायचं असतं, आणि पाडणं हे उतरवण्यापेक्षा लवकर होतं. वाचलेल्या विटांचा फायदा मालकाला, त्याला नाही. म्हणून बोलणी करतानाच तीन गोष्टी वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. कोणत्या वस्तू अखंड उतरवायच्या, सुट्या विटांमागे किती पैसे वेगळे द्यायचे, आणि उरलेली खरमाती कोण, कुठे नेणार. पैसे विटांमागे ठरले की घण आपोआप हळू पडतो.

ग्रामपंचायतीलाही यात करण्यासारखं काम आहे. घर दुरुस्तीची परवानगी किंवा नोंद घ्यायला माणूस येतो तेव्हाच खरमातीचा ब्रासमधला अंदाज अर्जावर लिहून घेता येईल. पूररेषेच्या बाहेरची एक जागा ठरवून तिथे चांगले विटा-काँक्रीटचे तुकडे साठवले, तर पाणंद रस्त्याच्या खड्ड्यांना आणि सार्वजनिक भरावाला तोच माल वापरता येईल. एका गावात वर्षाला वीस घरांची कामं निघाली आणि प्रत्येकाचे चार ब्रास धरले, तर 80 ब्रास होतात. ते ओढ्यात जातात की पाणंदीत, याचा निर्णय ग्रामसभेत एका ठरावाने होऊ शकतो. तो ठराव वळवाच्या आधी व्हायला हवा. एकदा ओढ्याला पाणी आलं की टाकलेली ट्रॉली परत उचलता येत नाही.